कंपनी सोडताना दोन पत्रं लिहा

निरोपाचा मेल म्हटला की बहुतेक ठिकाणी ठरलेला एक मजकूर फिरत असतो. आज माझा शेवटचा दिवस, इथला प्रवास अविस्मरणीय होता, खूप शिकायला मिळालं, सर्वांचे मनापासून आभार, संपर्कात राहू. पाच-सहा ओळी, बहुधा इंग्रजीत, आणि त्याही संध्याकाळी साडेपाचला, लॅपटॉप जमा करायच्या आधी घाईघाईत. दोन वर्षं काम केलेल्या मुलाने असा मेल टाकला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण एकाच खात्यात पंधरा-वीस वर्षं काढलेल्या माणसाचा मेलही शब्दन् शब्द तसाच निघाला, तर मागे राहिलेल्यांना ते लागतं. बोलून कुणी दाखवत नाही, एवढंच.

असं होतं ते लिहिता येत नाही म्हणून नव्हे. एकच पत्र प्लांट हेडपासून लाइनवरच्या ट्रेनीपर्यंत सगळ्यांना एकदम जायचं असतं, हे खरं कारण आहे. जे वाक्य या दोघांनाही चालेल, त्यात कुणासाठीच काही उरत नाही. तेव्हा पहिलं काम मजकुराचं नाही, वाटणीचं आहे. सगळ्या कंपनीसाठी चार ओळींची सूचना वेगळी ठेवा आणि आपल्या खात्यातल्या, रोज खांद्याला खांदा लावून काम केलेल्या माणसांसाठी खरं पत्र वेगळं लिहा. या लेखात मुख्यतः त्या दुसऱ्या पत्राबद्दल बोलू.

उदाहरण घेऊन पुढे जाऊ, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. समजा, भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना आहे. तिथल्या क्वालिटी खात्याच्या प्रमुख मॅडम 19 वर्षांनी नोकरी सोडताहेत. डिप्लोमा करून 2006 मध्ये इन्स्पेक्टर म्हणून लागल्या, फायनल इन्स्पेक्शनचं टेबल, स्टँडर्ड रूम, कस्टमर कम्प्लेंट असं करत खात्याच्या प्रमुख झाल्या. खात्यात 22 माणसं, तीन शिफ्ट. आता वाळूजला दुसऱ्या कंपनीत चालल्या आहेत. शेवटचा दिवस शनिवार.

आधी वेळेचं बघू, कारण चांगलं पत्रसुद्धा चुकीच्या वेळी गेलं तर वाया जातं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी कंपनीचा मेल बंद होतो. कधी कधी आयटीवाले दुपारीच बंद करून टाकतात. त्यानंतर आलेली उत्तरं आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि उत्तर लिहिणाऱ्याला वाटतं की बाईंनी साधी पोचही दिली नाही. शिवाय पिंपरी-भोसरी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे मॅडमनी पत्र बुधवारी सकाळी पाठवायला हवं. बुधवारी वाचलं, गुरुवारी घरी सांगितलं, शुक्रवारी आणि शनिवारी लोक येऊन भेटले, असा क्रम बसतो. शनिवारी दुपारी पाठवलं तर तिसऱ्या शिफ्टची मुलं ते वाचतील तेव्हा मॅडमची खुर्ची रिकामी झालेली असेल. सकाळची प्रॉडक्शन मीटिंग संपल्यावर, साडेदहा-अकराच्या सुमारास पाठवलेलं बरं. त्याआधी लोकांचं डोकं कालच्या रिजेक्शनमध्ये असतं.

एक गोष्ट मात्र पत्राच्या आधी व्हायला हवी. आपण जाणार ही बातमी वरिष्ठांनी खात्याला सांगितलेली असली पाहिजे. निरोपाच्या पत्रातून बातमी फुटली की वाचणारा पहिल्याच ओळीला अडकतो आणि पुढचं काही वाचत नाही. नोटीस पिरियडमध्ये हे सांगणं बरेचदा टाळलं जातं, कारण बदली माणूस ठरलेला नसतो. अशा वेळी आपणच साहेबांकडे जाऊन तारीख ठरवून घ्यावी.

आता मजकूर. मॅडमचा पहिला मसुदा साधारण असा असेल: ‘या 19 वर्षांत मी या कुटुंबाचा एक भाग झाले. इथल्या प्रत्येकाकडून मी काही ना काही शिकले. अनेक चढउतार पाहिले, पण आपण सर्वांनी एकजुटीने प्रत्येक आव्हानाला तोंड दिलं. तुमच्या प्रेमाची ऋणी राहीन.’

यात खोटं काही नाही. पण हाच परिच्छेद शेजारच्या कंपनीतल्या स्टोअर्स मॅनेजरने आपल्या नावावर पाठवला तरी एकही शब्द बदलावा लागणार नाही. मसुदा तपासायची हीच सोपी रीत आहे. प्रत्येक वाक्य घ्या आणि ते दुसऱ्या माणसाच्या, दुसऱ्या खात्याच्या तोंडी घालून बघा. बसलं, तर ते काढा. या परीक्षेत मॅडमचा अख्खा परिच्छेद जाईल, आणि तो जाऊ द्यावा. ‘कुटुंब’ हा शब्द तर मी मुद्दाम खोडायला सांगेन. गेल्या वर्षी ज्यांच्या भावाला किंवा मित्राला कंत्राट संपलं म्हणून घरी बसवलं, तेही हे पत्र वाचणार असतात.

मग लिहायचं काय? त्यासाठी निघण्याच्या दोन आठवडे आधी एक कोरा कागद घ्यावा. शेवटच्या आठवड्यात हॅंडओव्हर, एचआरचे फॉर्म, निरोप समारंभाचा केक यातून डोकं वर निघत नाही. कागदावर डाव्या बाजूला माणसाचं नाव आणि उजव्या बाजूला त्या माणसाने केलेली एक गोष्ट लिहायची. गोष्ट म्हणजे क्रियापद असलेली. ‘मनमिळाऊ’, ‘मेहनती’, ‘सदैव हसतमुख’ यांना त्या रकान्यात जागा नाही. ‘पावसाळ्यात मास्टर सॅम्पलना गंज चढू नये म्हणून दर शनिवारी तेल लावायचा’ याला जागा आहे. आठवत नसेल तर जुनी शिफ्ट रजिस्टरं चाळा, फोनमधले ऑडिटच्या वेळचे फोटो बघा. बावीसपैकी पंधरा जणांपुढे काहीतरी लिहिलं जातंच. उरलेल्या सातांपुढे काही सुचत नसेल तर तेही कळून येतं आणि निघायच्या आधी त्यांच्याशी चार शब्द बोलायला अजून दिवस हातात असतात.

या कागदावरचं सगळं पत्रात घालायचं नाही. इथेच बहुतेक पत्रं घसरतात. आभार मानायला सुरुवात केली की एकेक नाव आठवत जातं, यादी लांबते, आणि पत्राचा हजेरीपट होतो. बावीस नावं लिहिली तर वाचणारा फक्त आपलं नाव शोधतो, तिथे दोन सेकंद थांबतो आणि मेल बंद करतो. एकवीस लिहिली तर त्याहून वाईट. राहिलेला एक माणूस ती गोष्ट तुम्ही गेल्यानंतरही वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो. ‘आणि ज्यांची नावं राहिली असतील ते सर्व’ असं लिहिल्याने त्याचं समाधान होत नाही. उलट राहिलेला तो आपणच, हे त्याला पक्कं होतं.

यावर माझ्या मते एकच उपाय आहे. खात्याच्या पत्रात आभारापोटी कुणाचंच नाव घेऊ नका. नाव येईल ते प्रसंगाच्या ओघात, आणि असे प्रसंग दोन किंवा तीन. त्यातला एक अगदी सुरुवातीच्या काळातला असावा, एक सगळ्या खात्याने मिळून निभावलेला असावा, आणि एक अशा लोकांचा असावा ज्यांची दखल सहसा घेतली जात नाही. क्वालिटी खात्यात ते म्हणजे तिसऱ्या शिफ्टचे इन्स्पेक्टर. तुमच्याकडे ते डिस्पॅचवाले असतील, बिलिंगची मुलगी असेल किंवा रात्री सर्व्हर बघणारा असेल. नावांऐवजी शिफ्ट, टेबल, काम यांच्यावरून उल्लेख केला की कुणी बाहेर राहत नाही, कारण प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या टेबलावर बसलेला असतोच.

बाकीच्यांसाठी त्या कागदाचा दुसरा उपयोग आहे. चार-पाच माणसं अशी असतात की त्यांना सामाईक पत्रात गुंडाळणं बरोबर नाही. त्यांना हाताने दोन-तीन ओळींची चिठ्ठी लिहा आणि स्वतः नेऊन द्या. प्लांट हेड किंवा ज्यांच्या हाताखाली घडलो ते साहेब यांचे आभारही वेगळ्या मेलमध्ये मानावेत. खात्याच्या पत्रात पहिलं नाव साहेबांचं आलं की खालच्या माणसांना वाटतं, हे पत्र वर दाखवायला लिहिलंय.

प्रसंग निवडताना एक सावधगिरी हवी. अशी पत्रं पुढे पाठवली जातात. व्हॉट्सअॅपवर फोटो फिरतो, नोकरी सोडून गेलेल्यांपर्यंत पोहोचतो, कधी कस्टमरच्या माणसापर्यंतही जातो. म्हणून कस्टमरचं नाव, कुठला दोष निघाला, किती नग परत आले, यातलं काही लिहायचं नाही. नव्या प्रोजेक्टचं नाव नाही, ऑडिटमध्ये काय सापडलं ते नाही. याची अडचण वाटते, पण खरं तर वाटायला नको. ‘त्या दिवाळीतलं सॉर्टिंग’ एवढं म्हटलं की खात्यातल्या प्रत्येकाला कुठलं ते कळतं आणि बाहेरच्याला काहीच कळत नाही.

आता पत्र बघा. हे मॅडमचं पत्र मी लिहून पाहिलं आहे. माणसांच्या जागी हुद्दे ठेवलेत, तुम्ही तिथे नावं घाला.

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर मी कंपनीतून निघते आहे. वाळूजला क्वालिटीचंच काम घेतलं आहे. घरचे तिकडे आहेत, आता मीही तिकडे असेन.

2006 मध्ये मी फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसले तेव्हा त्या शेडमध्ये दुसरी मुलगी नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी एक अख्खी ट्रॉली अडवली आणि प्रॉडक्शनचे चार जण माझ्या टेबलाभोवती येऊन उभे राहिले. स्टँडर्ड रूमचे काका आले. काही बोलले नाहीत. माझं मायक्रोमीटर घेतलं, अॅन्व्हिल-स्पिंडल पुसले, शून्य तपासलं आणि परत माझ्या हातात दिलं. म्हणाले, आता मोज. माप तेच आलं. मग त्या चौघांकडे बघून म्हणाले, ‘पोरीचं बरोबर आहे, ट्रॉली हलवा.’ काका रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. शून्य तपासल्याशिवाय मी अजून पहिला पार्ट मोजत नाही.

त्या दिवाळीतलं सॉर्टिंग तुम्ही विसरला नसाल. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गोडाउनमध्ये एका ट्यूबलाइटखाली आपण सहा जण एकेक पार्ट बोटावर फिरवत बसलो होतो. पहाटे फराळाचा डबा उघडला तर चकल्यांचा चुरा झालेला. कुणीतरी म्हणालं, ‘लॉट रिजेक्ट.’ आणि मग तो चुरा आपण चमच्याने खाल्ला. त्या रात्री घरी थांबून दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांनी लाइन सांभाळली त्यांचंही काम तेवढंच मोठं होतं.

तिसऱ्या शिफ्टला एक सांगायचं राहून गेलं आहे. सकाळी आल्यावर मी तुमचं रजिस्टर वाचायचे. बहुतेक दिवशी शेरा एकच असायचा: ‘काही नाही.’ तो शेरा लिहिता यावा म्हणून कुणीतरी रात्रभर दर तासाला उठून लाइनवर जात होतं, हे मला माहीत होतं.

प्रॉडक्शनशी महिनाअखेरीला माझी भांडणं झाली. पुढेही क्वालिटीची होत राहतील, ती व्हायलाच हवीत. पण भांडून झाल्यावर चहाला बोलावणारं प्रॉडक्शन सगळ्यांच्या नशिबी नसतं.

रविवारपासून कस्टमर कम्प्लेंट असिस्टंट मॅनेजर बघतील आणि गेजचं कॅलिब्रेशन स्टँडर्ड रूम इन्चार्ज बघतील. माझ्याकडचा कंपनीचा नंबर शनिवारी परत जाईल. घरचा नंबर कुणाकडे नसेल तर शनिवारपर्यंत येऊन घ्या. वाळूजच्या बाजूला आलात तर फोन केल्याशिवाय परत जाऊ नका.

पत्र इथे संपतं, खाली फक्त नाव. सव्वादोनशे-अडीचशे शब्दांचं आहे. याहून मोठं लिहू नका. कारखान्यात ते मोबाइलवर, चहाच्या सुट्टीत वाचलं जाणार असतं.

यातल्या काही गोष्टींकडे लक्ष द्या. सोडण्याचं कारण दोन छोट्या वाक्यांत उरकलं आहे आणि पुन्हा त्याकडे वळलेलं नाही. कारण अजिबात सांगितलं नाही तर तर्क सुरू होतात. लांबवून सांगितलं तर सफाई दिल्यासारखं वाटतं. नव्या कंपनीचं नाव दिलेलं नाही, गाव आणि काम एवढंच दिलं आहे. स्पर्धक कंपनीत जात असाल तर तेवढंही सगळ्यांच्या पत्रात देऊ नये. ‘तिकडे जागा आहेत, कळवा’ असं तर चुकूनही लिहू नये. बऱ्याच नेमणूकपत्रांत सहकाऱ्यांना फोडून न नेण्याचं कलम असतं. निघण्याआधी आपलं नेमणूकपत्र काढून एकदा वाचावं.

दिवाळीच्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य बघा. गोडाउनमध्ये सहा जण होते, खात्यात बावीस. ते वाक्य नसतं तर सोळा जणांना वाटलं असतं की मॅडमच्या लक्षात आपण नाही. प्रसंग सांगताना तिथे नसलेल्यांना कुठे बसवायचं, याचा विचार नेहमी करावा. प्रॉडक्शनचा परिच्छेदही विचार करून घातला आहे. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं खटके उडाले त्यांचा उल्लेखच नसेल तर ते मौन सगळ्यांना ऐकू जातं, आणि सगळं कसं गोडीगुलाबीचं होतं असं लिहिलं तर लोक हसतात. भांडण होतं हे कबूल करायचं, ते कामाचं होतं हे सांगायचं, आणि पुढे जायचं. कुणा एकाला टोमणा मात्र नको. टोमणा ज्याला मारला त्याच्यापेक्षा बाकीच्यांनाच तो जास्त आठवतो.

आणि पत्रात काय नाही तेही बघा. ‘कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमस्व’ हे वाक्य मुद्दाम घातलेलं नाही. ज्याचं मन खरोखर दुखावलं आहे त्याला ते पुरत नाही, बाकीच्यांना ते लागू नाही. कुणाची माफी मागायची असेल तर त्याच्या टेबलाशी जाऊन मागा. उपदेशही नाही. नव्या मुलांना ‘गुणवत्तेशी तडजोड करू नका’ असं सांगायचा मोह खात्याच्या प्रमुखाला हमखास होतो. काकांनी मायक्रोमीटर पुसल्याचं वाचून ज्याला ते कळणार आहे त्याला कळतं.

हॅंडओव्हर पत्रात फक्त एका वाक्यात आहे. सविस्तर यादी, म्हणजे कुठल्या गेजचं कॅलिब्रेशन कधी संपतं, कुठल्या तक्रारीचं उत्तर कुठे अडकलंय, कुठल्या फाइलचा पासवर्ड कुणाकडे आहे, हे सगळं वेगळ्या कागदावर, नव्या माणसाच्या हातात. दोन्ही एकत्र केलं तर पत्र जतन होतं कामाचा कागद म्हणून आणि प्रसंग कुणी वाचत नाही.

फोन नंबराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे गोंधळ होतो. कंपनीने दिलेलं सिम परत करावं लागतं. त्या नंबरावर व्हॉट्सअॅप असेल तर ते आधीच आपल्या नंबरावर हलवून घ्या. बँकेचे ओटीपी, गॅसचं बुकिंग, मुलांच्या शाळेचे मेसेज त्या नंबरावर येत असतील तर तेही बदला. मात्र घरचा नंबर पत्रात छापू नका, विशेषतः बायकांनी. नोटीस बोर्डावरच्या पत्राचा फोटो कुठेही जातो. मेलने जाणाऱ्या पत्रात स्वतःचा मेल पत्ता देणं पुरेसं आहे. आणि जाता जाता कंपनीच्या मेलमधून सप्लायर, कस्टमर यांचे संपर्क स्वतःच्या मेलवर पाठवून घेऊ नका. हेतू साधा असला तरी माहिती बाहेर नेली अशी नोंद होते, आणि हिशेब व रिलीव्हिंग लेटर त्यावरून अडकू शकतं.

पोचवण्याची रीत कारखान्यात ऑफिसपेक्षा वेगळी असते. बावीस जणांपैकी निम्म्यांकडे कंपनीचा मेल नसतो. त्यांच्यासाठी पत्राची छापील प्रत हवी. ती पंचिंग मशीनजवळच्या बोर्डावर लावायला एचआरची परवानगी लागते, ती आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. प्रत बुधवारी दुपारी, दुसरी शिफ्ट आत यायच्या आधी लागली पाहिजे. शक्य असेल तर तिन्ही शिफ्टच्या सुरुवातीच्या मीटिंगमध्ये स्वतः वाचून दाखवावं. तिसऱ्या शिफ्टसाठी एक रात्र थांबावं लागेल, पण ज्यांच्यासाठी एक परिच्छेद लिहिलाय त्यांनी तो बोर्डावर वाचावा हे बरं दिसत नाही. लाइनवर बिहार, उत्तर प्रदेशची मुलं असतात. त्यांच्यासमोर तेच हिंदीत बोलावं. छापील भाषांतर कशाला, तोंडी सांगितलेलं जास्त पोचतं.

मेल पाठवताना खात्यातल्या लोकांचे पत्ते ‘टू’मध्ये टाका, कारण पत्र त्यांचं आहे आणि त्यांची आपसातली उत्तरं वाचायला मजा येते. सगळ्या कंपनीची सूचना मात्र बीसीसीने पाठवा. नाहीतर चारशे जण ‘ऑल द बेस्ट’ म्हणून सगळ्यांना उत्तर देतात आणि दुपारपर्यंत लोक वैतागतात. ही सूचना खरोखर चार ओळींची असावी: शेवटचा दिवस कुठला, आपल्या कामासाठी पुढे कुणाकडे जायचं, एक साधं आभाराचं वाक्य, स्वतःचा मेल पत्ता. विषयाच्या जागी ‘गुडबाय’ लिहू नका. आपलं पूर्ण नाव, खातं आणि तारीख लिहा. सहा महिन्यांनी जुना ड्रॉइंग नंबर विचारायला कुणी तुमचा पत्ता शोधेल तेव्हा त्याला तो नावाने सापडेल.

कॅन्टीनचे लोक, गेटवरचे सिक्युरिटी आणि बसचा ड्रायव्हर बहुधा कंत्राटदाराकडून येतात आणि कुठल्याच यादीत नसतात. त्यांच्यापर्यंत कुठलंही पत्र पोहोचत नाही. त्यांना भेटून सांगावं लागतं, आणि ते शुक्रवारी उरकलेलं चांगलं, शनिवारी वेळ मिळत नाही.

स्वतःहून सोडलेलं नसेल तर काय, हेही सांगायला हवं. कपातीत नाव आलं असेल किंवा राजीनामा मागून घेतला असेल, तर कंपनीवर एक शब्दही लिहू नका. ना राग, ना खोटं कौतुक. ‘शनिवारनंतर मी इथे नसेन’ एवढी बातमी द्यावी आणि थेट प्रसंगांकडे वळावं. राग खरा असतो, पण त्याची जागा एचआरसमोर किंवा गरज पडली तर वकिलासमोर असते. पत्र वाचणाऱ्या माणसांनी तुम्हाला काढलेलं नसतं, आणि त्यांची नोकरी अजून तिथेच असते. तुमच्या रागाला त्यांनी जाहीर उत्तर द्यावं अशी वेळ त्यांच्यावर आणू नये. अशा वेळी पत्र लिहून एक रात्र ठेवावं आणि घरातल्या कुणाला तरी वाचायला द्यावं. निवृत्त होणाऱ्यांना ही अडचण नसते. त्यांना मोह आयुष्यभराचा आढावा घ्यायचा होतो, आणि तो आढावा समारंभातल्या भाषणासाठी ठेवावा.

पत्र गेल्यावर उत्तरं येतात. त्यातली काही एका ओळीची असतात, त्यांना ओळीभर उत्तर पुरतं. पण दोन-तीन उत्तरं लांब येतील, आणि ती बहुधा ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती त्यांची असतील. त्यांना उत्तर आठवडाभरात, आपल्या स्वतःच्या मेलवरून द्या. म्हणजे संपर्काचा पत्ता आपोआप त्यांच्याकडे जातो. कामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून शनिवारी संध्याकाळी बाहेर पडा, कारण तिथे रोजचं रिजेक्शन येतं आणि ते आता तुम्ही बघायचं नाही. गप्पांच्या ग्रुपमध्ये राहायला हरकत नाही, फक्त तिथे कामाबद्दल मतं देऊ नका. तुमच्या जागी आलेल्या माणसाला आधीच पुरेशी तुलना ऐकावी लागत असते.

तुमची तारीख ठरली असेल तर कागद आजच घ्या आणि डाव्या रकान्यात खात्यातली सगळी नावं लिहून काढा. ज्या नावापुढे उजवा रकाना रिकामा राहील, त्या माणसाबरोबर उद्याचा चहा घ्या.